रोशाचे तेल आणि कापणीची वेळ

पावसाळा ओसरून दसरा जवळ आला की सातपुड्याच्या कोरड्या, दगडाळ उतारांवर रोशा गवत फुलोऱ्यावर येते. पुरुषभर उंचीची ताठ ताटे, त्यांच्या शेंड्याला निळसर पांढऱ्या रंगाचे झुबकेदार तुरे आणि हातात घेऊन चोळले असता येणारा गुलाबासारखा वास, ही त्याची ओळख होय. पुढे पाच-सहा आठवड्यांत हाच तुरा तांबूस होतो, मग वाळतो आणि त्यातील बी वाऱ्यावर उडून जाते. या अवधीत केव्हातरी गवत कापून भट्टीवर न्यावयाचे असते. ते नेमके केव्हा न्यावे, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटेल. परंतु एकाच उतारावरच्या, एकाच जातीच्या गवतातून किती तेल निघावे आणि त्या तेलाला कोणती प्रत मिळावी, हे बऱ्याच अंशी त्यावरच ठरते.

रोशाचे तेल, म्हणजेच आपल्याकडे पूर्वीपासून सांधेदुखीवर चोळण्यासाठी वापरले जाणारे रोशेल, हे खानदेशचे जुने उत्पादन आहे. एकोणिसाव्या शतकात खानदेश व निमाड भागात डोंगरी ओढ्यांच्या काठी त्याच्या भट्ट्या लागत. तेथून तेल मुंबईस येई आणि गलबतांतून तांबड्या समुद्राच्या बंदरांकडे व पुढे कॉन्स्टँटिनोपलला जाई. तेथील व्यापारी त्याला डिंकाचे पाणी व लिंबाचा रस लावून, उन्हात ठेवून त्याचा रंग व वास सौम्य करीत आणि मग गुलाबाच्या अत्तरात त्याची भेसळ होई. युरोपच्या बाजारात त्याला ‘तुर्की जिरेनियम तेल’ असे नाव पडले होते. त्याचा ना तुर्कस्तानाशी संबंध, ना जिरेनियमच्या झाडाशी. ज्या गुणामुळे ही भेसळ खपून जात असे, त्याच गुणामुळे हे तेल आजही साबण, अत्तरे व सौंदर्यप्रसाधने यांसाठी विकत घेतले जाते. तो गुण म्हणजे त्यातील जिरॅनिओल हे द्रव्य. गुलाबाच्या वासातही त्याचा महत्त्वाचा वाटा असतो. चांगल्या रोशा तेलात ते साधारणतः ७५ ते ८५ टक्के असते.

भट्टीत काय घडते

कापणीच्या वेळेचा विचार करण्यापूर्वी तेल निघते कसे, हे थोडे पाहणे आवश्यक आहे. जिरॅनिओल स्वतंत्रपणे उकळवावयाचे म्हटले तर सुमारे २३० अंश सेल्सियस इतके तापमान लागते. इतक्या उष्णतेत तेल करपून त्याचा वास बिघडेल. परंतु स्वयंपाकघरात चहाच्या आधणात गवती चहाची पात टाकली की पाणी उकळू लागताच घरभर वास पसरतो, हा आपल्या नित्याच्या अनुभवाचा विषय आहे. पाणी तर शंभर अंशांच्या वर जात नाही. मग तेल कसे उडते? याचे कारण असे की, पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत आणि म्हणून प्रत्येक जण आपापल्या वाफेचा दाब स्वतंत्रपणे देतो. या दोन्ही दाबांची बेरीज हवेच्या दाबाइतकी झाली की मिश्रण उकळते. तेलाचा वाटा अल्प असला तरी तो पाण्याच्या वाफेबरोबर निघतो, आणि हे सारे शंभर अंशांच्या किंचित खालीच घडते. बाष्प ऊर्ध्वपातन म्हणतात ते हेच.

जुन्या खानदेशी भट्टीत गवत आणि पाणी एकाच हंड्यात घालून खालून जाळ लावीत. हंड्याचे झाकण लिंपून घेत, बांबूच्या नळीतून वाफ बाहेर काढीत आणि ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवलेल्या तांब्याच्या भांड्यात ती थंड करीत. ओढा हाच शीतक. युक्ती मोठी सोयीची होती, पण तिच्यात दोन दोष होते. तळाला टेकलेले गवत करपून तेलाला जळकट वास येई, आणि गवत तासन् तास उकळत्या पाण्यात राहिल्याने तेलातील काही नाजूक घटक मोडून जात. सुधारित संयंत्रात बॉयलर वेगळा असतो. वाफ नळाने टाकीच्या तळाशी येते, जाळीवर रचलेल्या गवतातून वर चढते, शीतकात थंड होते आणि पाणी व तेल यांची धार विलगक भांड्यात पडते. रोशाचे तेल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे ते वर तरंगते व वरच्या तोटीने काढून घेता येते. खालच्या पाण्यातही थोडे तेल विरघळून राहते. जिरॅनिओल पाण्यात अगदीच अविद्राव्य नाही. म्हणून जाणते लोक ते पाणी फेकून न देता पुढच्या खेपेला पुन्हा बॉयलरमध्ये किंवा हंड्यात घालतात.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. रोशाचे तेल पानाच्या पृष्ठभागावर लागलेले नसते; ते आतील पेशींत साठलेले असते. वाफ केवळ गवताला स्पर्श करून गेली तर ते बाहेर येत नाही. वाफेतील ओलावा पेशींत शिरावा लागतो, तेल त्यातून पाझरत पृष्ठभागापर्यंत यावे लागते आणि मग वाफ ते उचलून नेते. म्हणूनच टाकी सारख्या घट्टपणाने भरणे महत्त्वाचे असते. कोठे सैल जागा राहिली तर सारी वाफ त्याच वाटेने वर निघून जाते आणि बाजूचे गवत जसेच्या तसे राहते. खेप संपल्यावर टाकी उपसताना मध्येच हिरवट, ताज्या वासाचे गवत हाती लागले, तर वाफेने पळवाट शोधली होती असे समजावे.

तेल असते कोठे

रोशाच्या रोपात तेल सर्वत्र सारखे नसते आणि वेळेचा सारा प्रश्न येथूनच उद्भवतो. ताज्या वजनावर मोजले तर फुलोऱ्यात सुमारे अर्धा टक्का, पानांत त्याच्या निम्म्याहून कमी आणि दांड्यात अगदी नगण्य, म्हणजे शंभर किलोमागे दहा ते तीस ग्रॅम इतकेच तेल मिळते. दांडा हे भट्टीच्या दृष्टीने जवळजवळ ओझेच होय. पण तो टाकीत जागा घेतो, वाफ खातो आणि सरपण जाळतो.

समजुतीसाठी एक ढोबळ हिशेब मांडू. फुलोरा येण्यापूर्वी कापलेल्या शंभर किलो गवतात ५५ किलो पाने आणि ४५ किलो दांडे आहेत असे धरले, आणि पानांत ०.२ टक्के व दांड्यांत ०.०२ टक्के तेल मानले, तर पानांचे ११० ग्रॅम आणि दांड्यांचे ९ ग्रॅम मिळून सुमारे १२० ग्रॅम तेल होते. आता तेच गवत ऐन फुलोऱ्यात कापले. शंभर किलोत २० किलो तुरे, ३५ किलो पाने आणि ४५ किलो दांडे निघाले. तुऱ्यांचे १०० ग्रॅम, पानांचे ७० ग्रॅम आणि दांड्यांचे ९ ग्रॅम, म्हणजे एकूण १८० ग्रॅमच्या आसपास. वजनाने केवळ पाचवा हिस्सा असलेल्या तुऱ्यांनी निम्म्याहून अधिक तेल दिले! शिवाय या दरम्यान ठोंबाची वाढ झालेली असल्याने त्याच उतारावरून गवतही अधिक मिळते. प्रत्यक्ष आकडे जमीन, पाऊस आणि वाण यांप्रमाणे बदलतील. संपूर्ण रोपाचे प्रमाण ०.१ टक्क्यापासून ०.४ टक्क्यापर्यंत आढळते. परंतु तुऱ्याचे वर्चस्व कोठेही टळत नाही.

याच कारणाने गवती चहाचा नियम रोशाला लावता येत नाही. गवती चहाचे तेल पानात असते, तो आपल्याकडे फुलोऱ्यावर क्वचितच येतो, आणि म्हणून दोन-अडीच महिन्यांनी हिरवी पात कापत राहणे हीच तेथे योग्य रीत आहे. ज्या गावी गवती चहाची लागवड चांगली चालली आहे, तेथील उत्साही मंडळी रोशाचीही हिरवी पात कापून भट्टीवर नेतात आणि तेल कमी निघाले म्हणून वाणाला दोष देतात. दोष वाणाचा नसून पंचांगाचा असतो.

फुलोऱ्यात काय बदलते

तेल केवळ वाढते असे नाही. त्याचा स्वभावही बदलतो. तुरा अजून पानाच्या आवरणातून पुरता बाहेर आलेला नसतो आणि त्यातील बारीक कणसे मिटलेली असतात, तेव्हा त्यातील तेलात जिरॅनिल ॲसिटेट या द्रव्याचा मोठा वाटा असतो. जिरॅनिओलला ॲसेटिक आम्लाची, म्हणजे व्हिनेगरमधील आम्लाची, जोड मिळून बनलेले हे द्रव्य आहे. रसायनशास्त्रात अशा जोडद्रव्यांना एस्टर म्हणतात. त्याचा वास गोडसर, काहीसा फळांसारखा असतो. कणसे जसजशी उघडू लागतात तसतशी त्यातील विकरे, म्हणजे सजीव पेशींतील क्रिया घडवून आणणारी प्रथिने, ही जोड तोडतात आणि जिरॅनिओल मोकळे होते. लखनौ येथील केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००० सालाच्या सुमारास हा क्रम प्रयोगाने दाखवून दिला. किरणोत्सर्गी कार्बनची खूण केलेली साखर त्यांनी तुऱ्यांना शोषू दिली आणि ती खूण तेलाच्या कोणत्या घटकात जाते, याचा माग काढला. अर्धवट उघडलेल्या कणसांत खूण जिरॅनिल ॲसिटेटमध्ये अधिक प्रमाणात आढळली आणि त्यातूनच पुढे जिरॅनिओल मोकळे होत असल्याचे दिसून आले.

खरेदीदाराच्या भाषेत याचा अर्थ असा की, फार लवकर कापलेल्या तुऱ्याच्या तेलात एस्टर अधिक व जिरॅनिओल कमी भरते. अल्प प्रमाणात एस्टर हवेच असते. त्याने वासाला ताजेपणा येतो आणि ५ ते १५ टक्क्यांपर्यंत त्याचे असणे स्वाभाविक मानले जाते. परंतु भाव ठरतो तो मुख्यतः जिरॅनिओलवर. उलटपक्षी फार उशीर केला तर एस्टर घटतेच, शिवाय तेलाचे एकूण परिमाणही उतरते. नवे तेल बनविण्याचे काम वाढणाऱ्या, कोवळ्या अवयवांत चालते. बी धरल्यावर ते थांबते. बनलेले तेल मात्र उन्हात, वाऱ्यात उडत राहते, पाने पिवळी पडून वाळतात आणि पक्व कणसे बियांसह गळून जातात. जमिनीवर सांडलेल्या कणसांतील तेल कोणत्याही भट्टीत येत नाही.

या दोन टोकांच्या मधला काळ म्हणजे तुरे उघडल्यानंतरचे साधारण सात ते दहा दिवस. फुले उमललेली आहेत, काही तुरे तांबूस होऊ लागले आहेत, पाने अजून हिरवी आहेत आणि बी अद्याप झडलेले नाही, अशी ती अवस्था. उतारावरील सर्व ठोंब एकाच दिवशी या अवस्थेत येत नाहीत. दक्षिणेकडील उन्हाच्या उताराचे गवत आधी फुलते, सावलीतले मागून. म्हणून संपूर्ण क्षेत्रासाठी एकच तारीख ठरविण्यापेक्षा तुकडे पाडून क्रमाने कापणे श्रेयस्कर ठरते.

नंदुरबार जिल्ह्यातील डोंगरी भागात एका भट्टीवर प्रस्तुत लेखक गेला असता तेथील एका वयस्क कामगाराने याची आपली कसोटी सांगितली. “साहेब, नुसतं लांबून पाहून कळत नाही. दहा ठिकाणचे दहा तुरे घ्यायचे, तळहातावर चोळायचे. बोटं तेलकट झाली, गुलाबाचा वास आला, की कोयता लावायचा. हातात नुसता भुसा राहिला, की समजायचं आपण मागं राहिलो.” प्रयोगशाळेने आपल्या परीने शोधून काढलेली गोष्ट या माणसाच्या तळहाताला पूर्वीच ठाऊक होती.

मोतिया आणि सोफिया

येथे एका जुन्या गैरसमजाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. एकोणिसाव्या शतकातील काही ग्रंथांत अशी नोंद आढळते की, रोशाचा तुरा कोवळा व निळसर पांढरा असतो तेव्हा त्याला मोतिया म्हणतात, आणि तो पिकून तांबडा झाला की त्याच गवताला सोफिया म्हणतात. पहिल्याचे तेल अधिक नाजूक वासाचे असते. म्हणजे दोन नावे एकाच गवताच्या दोन अवस्थांची आहेत, अशी समजूत होती. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी वनस्पतिशास्त्रज्ञांनी स्पष्ट केले की, मोतिया व सोफिया हे एकाच जातीचे दोन निरनिराळे प्रकार आहेत. मोतिया कोरड्या, उघड्या उतारांवर विखुरलेल्या ठोंबांनी वाढतो. सोफिया ओलसर, सखल जागी दाट माजतो. मोतियाची पाने दांड्याशी जवळजवळ काटकोन करून आडवी पसरतात, तर सोफियाची पाने दांड्याला धरून वर झुकलेली असतात. सोफियाच्या तेलात जिरॅनिओल बरेच कमी असते, त्याचा वास उग्र असतो आणि बाजारात ते वेगळ्या नावाने, कमी भावाने विकले जाते.

कापणीची वेळ कितीही अचूक साधली तरी सोफियाचा मोतिया होत नाही. नाल्याकाठचा सोफिया डोंगरावरच्या मोतियाच्या पेंढ्यांत मिसळून आला, तर सारी खेप बिघडते आणि मग दोष वेळेला दिला जातो. पेंढ्या भट्टीवर उतरवून घेताना पानांचा कोन पाहणे आणि तुरा चोळून वास घेणे, एवढी दक्षता तेथे पुरेशी असते. एकदा टाकीत गेल्यावर मात्र उपाय नाही.

टक्केवारीचा भ्रम

आता अशा एका गोष्टीकडे वळू, जी भट्टीवर नव्हे तर कार्यालयात चुकते. तेलाचा उतारा बहुधा टक्क्यांत नोंदविला जातो: इतके किलो गवत, इतके ग्रॅम तेल, अमुक टक्के. परंतु टक्केवारी ज्या गवतावर काढली त्यात पाणी किती होते, हे नोंदले नाही तर तो आकडा दिशाभूल करतो.

वरच्याच उदाहरणातील शंभर किलो गवत कापून एक दिवस सावलीत सुकविले. त्याचे वजन ७० किलो झाले असे समजू. तेल तेच, १८० ग्रॅम. पण उतारा ०.१८ टक्क्यावरून सुमारे ०.२६ टक्क्यावर गेला. तेलाचा एक थेंबही वाढलेला नाही. केवळ पाणी उडाले. आता दुसरे उदाहरण घ्या. त्याच उताराच्या तुकड्यावरील गवत महिनाभर उशिरा, उभे वाळल्यावर कापले. वजन भरले ५० किलो आणि तेल निघाले, समजा, १३० ग्रॅम. उतारा पुन्हा ०.२६ टक्केच! नोंदवहीत ऐन फुलोऱ्याच्या ताज्या गवताचा ०.१८ आणि वाळलेल्या गवताचा ०.२६ शेजारी शेजारी लिहिला, तर वाचणारा असा निष्कर्ष काढील की उशिरा कापणेच फायद्याचे आहे. वस्तुतः त्या तुकड्याने पन्नास ग्रॅम तेल गमावलेले असते.

म्हणून वहीत टक्केवारीबरोबर तीन गोष्टी असाव्यात: गवत कोणत्या तुकड्यावरचे व किती क्षेत्रातले, कापताना त्याचे वजन किती आणि भट्टीत भरताना किती. तेलाचा हिशेब क्षेत्रावर मांडला की पाण्याचा हा खेळ संपतो. वनहक्क कायदा, २००६ अन्वये ज्या ग्रामसभांकडे गौण वनोपजाचा अधिकार आला आहे, त्यांपैकी ज्यांच्या क्षेत्रात रोशा आहे त्यांना हा हिशेब विशेष उपयोगी पडेल. गवत वजनावर विकावे की तेल काढून विकावे, हे ठरविताना वाळलेल्या वजनाचा दर आणि ओल्या वजनाचा दर यांची गल्लत झाली, तर नुकसान त्यांचेच होते.

कापणीपासून डब्यापर्यंत

योग्य अवस्थेत कापलेले गवतही पुढील दोन दिवसांत बिघडू शकते. कापणी उघाडीच्या दिवशी, दव उडाल्यावर करावी. जमिनीपासून दहा-पंधरा सेंटिमीटर उंचीचा बुडखा राखावा, म्हणजे ठोंब पुन्हा फुटतो आणि तेल नसलेल्या जाड बुंध्याचे ओझेही वाचते. कापलेले गवत एक दिवस सावलीत पातळ पसरून सुकविणे हितावह आहे. पाणी कमी झाल्याने टाकीत अधिक गवत मावते आणि सरपण वाचते. परंतु सुकविणे म्हणजे कडक उन्हात वाळविणे नव्हे, आणि ढीग करून ठेवणे तर नव्हेच. ओल्या गवताच्या ढिगात हात घातला असता ऊब लागली, की आत आंबण्याची क्रिया सुरू झाली असे निश्चित समजावे. अशा गवताचे तेल उताऱ्याला कमी आणि वासाला आंबूस निघते.

पाचशे किलो सुकविलेले गवत मावणारी टाकी धरली, तर ते कापतेवेळी सुमारे ७१५ किलो होते आणि आपल्या हिशेबाने त्यातून सव्वा किलोच्या जवळपास तेल अपेक्षित आहे. वाफ सोडल्यावर काही वेळाने धार सुरू होते. दर पंधरा मिनिटांनी काचेच्या नळकांड्यात थोडी धार घेऊन वर तरंगणारा तेलाचा थर पाहावा. बहुतेक तेल पहिल्या तास-दीड तासात येते. मग थर पातळ होत जातो आणि दोन ते तीन तासांनी केवळ तवंग उरतो. त्यापुढे जाळ चालू ठेवण्यात अर्थ नाही. कित्येक ठिकाणी ‘राहिलेले काढून घेऊ’ म्हणून आणखी दोन तास सरपण जाळले जाते. मिळणाऱ्या दहा-वीस ग्रॅम तेलापेक्षा लाकूडच महाग पडते. फुलोऱ्याच्या गवताला आणि वाळलेल्या गवताला लागणारा वेळही सारखा नसतो. फार वाळलेल्या गवतात प्रथम ओलावा मुरावा लागतो, तोपर्यंत तेल पाझरत नाही. म्हणजे उशिराच्या कापणीत तेल कमी आणि सरपण अधिक, असा दुहेरी तोटा.

शीतकातून येणारी धार गरम असेल आणि भट्टीच्या आसपास गुलाबाचा वास दरवळत असेल, तर पाहुण्यांना ते प्रसन्न वाटते. भट्टीवाल्याने मात्र तत्काळ शीतकाचे पाणी वाढवावे, कारण तो दरवळ म्हणजे हवेत उडून जाणारे तेल होय. लोखंडी टाकी गंजलेली असेल तर तेल तांबूस काळपट होते. तांब्याच्या भांड्यात ते हिरवट छटा घेते, कारण एस्टर मोडून सुटलेले थोडे आम्ल तांब्याशी संयोग पावते. चांगले तेल फिकट पिवळे असते. विलगकातून काढल्यावर ते स्थिर ठेवून, निर्जल सोडियम सल्फेट घालून, गाळून घ्यावे आणि कोरड्या काचेच्या अगर ॲल्युमिनियमच्या पात्रात काठोकाठ भरून, अंधाऱ्या जागी ठेवावे. पात्रात पाण्याचा अंश आणि वर मोकळी हवा राहिली तर वास उतरू लागतो.

प्रतीची खरी परीक्षा प्रयोगशाळेत, वायुवर्णलेखन यंत्राने होते. त्यात जिरॅनिओल व जिरॅनिल ॲसिटेट यांचे प्रमाण वेगवेगळे कळते आणि ते वाचणाऱ्या जाणकाराला गवत लवकर कापले होते की उशिरा, याचाही अंदाज बांधता येतो. गावपातळीवर एक साधी चाचणी करता येण्याजोगी आहे. सत्तर टक्के अल्कोहोलात शुद्ध रोशा तेल दोन-तीन पट मिश्रणात स्वच्छ विरघळते. रॉकेल किंवा खाद्यतेल मिसळलेले असेल तर मिश्रण गढूळ होते. ही चाचणी भेसळ सांगते. कापणीची वेळ सांगत नाही.

राहता राहिला बियांचा प्रश्न. तुरे उघडल्यावर दहा दिवसांत कापावयाचे, याचा अर्थ त्या वर्षी त्या तुकड्यावर बी पडू द्यावयाचे नाही. रोशा बहुवर्षायू असल्याने ठोंब जगतात, पण म्हातारे ठोंब विरळ होत गेले की त्यांची जागा घेण्यास नवी रोपे लागतात. तेलाच्या दृष्टीने जी उत्तम वेळ, तीच बियांच्या दृष्टीने अकाली होय. यास्तव दर वर्षी काही तुकडे न कापता राखून ठेवावे लागतात. त्यांवरील बी झडल्यानंतर गवत कापले तर तेल थोडे निघेल, पण भट्टीच्या सरपणासाठी ते वाळलेले गवत उत्तम जळते. तेल काढून झालेला चोथाही उन्हात वाळवून त्याच कामी येतो.